ऑइल स्वस्त पडते, फिल्टर महाग पडतो

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण गॅरेज चालवतात, स्पेअर पार्टची आणि ऑइलची दुकाने चालवतात, किंवा आंबा-मासळीच्या वाहतुकीसाठी स्वतःची डिझेल गाडी बाळगतात. या तिघांनाही सारखीच लागू पडणारी एक गोष्ट आज मांडावयाची आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ चे नियम लागू झाले. तेव्हापासून नव्या डिझेल मोटारी आणि पिकअप गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर बसून येऊ लागला. गॅरेजवाले त्याला डीपीएफ म्हणतात. गाडी बदलली, परंतु आपल्या दुकानांतील फळीवरचे ऑइल मात्र बऱ्याच ठिकाणी बदललेले नाही. आमचे म्हणणे असे की, या फिल्टरच्या गाडीत साधे डिझेल इंजिन ऑइल ओतणे हा गिऱ्हाइकाचा तोटा आहे, आणि तो तोटा लगेच दिसत नाही म्हणूनच तो अधिक वाईट आहे.

काजळी जळते, राख जळत नाही

प्रथम हा फिल्टर काय करतो ते नीट समजून घेतले पाहिजे. आत चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाची मधाच्या पोळ्यासारखी रचना असते. शेकडो बारीक नळ्या शेजारी शेजारी असतात. त्यांतील एक पुढून बंद तर शेजारची मागून बंद, अशी योजना असते. त्यामुळे धुराला सरळ निघून जाता येत नाही. त्याला नळीच्या भिंतीतून झिरपून पलीकडे जावे लागते आणि काजळी भिंतीवर अडकते.

ही काजळी साचत गेली की गाडीचा संगणक ती जाळून टाकतो. त्यासाठी तो इंजिनात थोडे जास्तीचे डिझेल उशिरा सोडतो. ते पुढे जाऊन जळते आणि फिल्टरमधील उष्णता सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. काजळी म्हणजे कार्बन. तो जळून वायू होतो आणि फिल्टर पुन्हा मोकळा होतो. या क्रियेला रीजनरेशन म्हणतात. जामसंड्याहून नांदगाव तिठ्याकडे किंवा पुढे फोंडा घाट चढून जाणाऱ्या गाडीत हे चालता चालता आपोआप होऊन जाते आणि चालकाला पत्ताही लागत नाही.

आता ऑइलकडे वळू. प्रत्येक इंजिन थोडेबहुत ऑइल जाळतेच. पिस्टनच्या रिंगांपाशी, व्हॉल्व्हपाशी, टर्बोपाशी थोडे ऑइल वर जाते आणि डिझेलबरोबर जळते. ऑइलचा तेलकट भाग जळून जातो, पण त्यात मिसळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि जस्त हे धातू जळत नाहीत. त्यांची राख होते आणि ती धुराबरोबर फिल्टरमध्ये जाऊन बसते. ६०० अंशांत काजळी जाते, राख जात नाही. ती नळ्यांच्या भिंतीवर थर धरते आणि बंद टोकाशी गोळा होत होत नळी आखूड करीत जाते. चुलीतील लाकूड कितीही जाळा, राख उपसल्याशिवाय चूल रिकामी होत नाही, तसेच हे आहे.

ऑइलमध्ये हे धातू मुळात घातले का, असा प्रश्न पडेल. ते उगाच घातलेले नाहीत. पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधक बरेच असे. बीएस-३ च्या काळात दशलक्ष भागांत ३५० भागांपर्यंत गंधकाला मुभा होती. बीएस-४ आले तेव्हा ती ५० वर आली, आणि आजच्या बीएस-६ डिझेलमध्ये ती १० आहे. गंधक जळून तयार होणारे आम्ल इंजिन खाते. ते मारण्यासाठी ऑइलमध्ये कॅल्शियमसारखी क्षारयुक्त द्रव्ये भरपूर घालीत, आणि झीज थांबवण्यासाठी जस्त-फॉस्फरसचे द्रव्य घालीत. आज डिझेलच स्वच्छ झाल्यामुळे एवढ्या क्षाराची गरज उरली नाही. म्हणून कमी राखेचे ऑइल करता आले. त्यात गंधक आणि फॉस्फरसही कमी ठेवतात, कारण तेही धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणांना बाधतात. थोडक्यात, जुने ऑइल हे वाईट ऑइल नव्हे. ते जुन्या डिझेलसाठी आणि जुन्या गाडीसाठी केलेले ऑइल आहे.

डब्यावर काय वाचावे

येथेच आपल्या दुकानदार बंधूंची फसगत होते. गिऱ्हाईक येऊन ‘५डब्ल्यू-३० द्या’ म्हणते आणि दुकानदार त्या आकड्याचा डबा काढून देतो. पण हा आकडा ऑइल किती पातळ किती घट्ट एवढेच सांगतो. राखेबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. ५डब्ल्यू-३० हाच आकडा जास्त राखेच्या डब्यावरही असतो आणि कमी राखेच्या डब्यावरही असतो. ‘फुल्ली सिंथेटिक’ या शब्दांचेही तसेच आहे. महाग आणि उत्तम सिंथेटिक ऑइलदेखील जास्त राखेचे असू शकते. भाव जास्त म्हणजे या गाडीला योग्य, असे समजणे चूक आहे.

पाहायचे ते डब्याच्या मागील बाजूचे बारीक अक्षर. युरोपातील मोटार कारखानदारांच्या संघटनेने, म्हणजे एसीईएने, ऑइलचे वर्ग पाडले आहेत. इंग्रजी सी अक्षर आणि त्यापुढे आकडा असेल तर ते धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणांच्या गाडीसाठी केलेले आहे. सी-२, सी-३ आणि सी-५ या वर्गांत राखेची मर्यादा वजनाच्या ०.८ टक्के आहे. सी-४ मध्ये ती ०.५ टक्के आहे, आणि आता बंद केलेल्या सी-१ मध्येही ती तेवढीच होती. याउलट ए-३/बी-४ या वर्गात राख १ ते १.६ टक्क्यांपर्यंत असते. अमेरिकन पद्धतीच्या खुणांत सीआय-४ हे ट्रक-ट्रॅक्टरसाठी सर्वत्र खपणारे ऑइल आहे आणि त्यातील राख बहुधा सव्वा ते दीड टक्क्याच्या आसपास असते. सीके-४ या खुणेत मर्यादा १ टक्का आहे आणि काही पिकअपचे कारखानदार ती खूण चालते असे सांगतात. आपली गाडी कोणत्या वर्गातील, हे गाडीच्या पुस्तकात छापलेले असते. तेथे जे लिहिले असेल तेच घालावे. सी-२ आणि सी-३ दोन्ही कमी राखेचे असले तरी सी-३ चा थर उष्णतेत अधिक जाड टिकतो. म्हणून सी-३ मागणाऱ्या इंजिनात सी-२ घालून ‘राख तर कमीच आहे’ असे म्हणता येणार नाही.

पिंपातून मापून देण्याच्या सुट्या ऑइलबद्दल वेगळे सांगण्याची गरज नसावी. ज्याच्यावर खूणच नाही त्याची राख किती हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. फिल्टरच्या गाडीत ते घालूच नये.

हिशेब मांडून पाहू

एक पिकअप गाडी घेऊ. हंगामात आंब्याच्या पेट्या वाशीला नेणारी आणि एरवी देवगड बंदरावरून मासळी उचलणारी. तिच्या इंजिनात ६ लिटर ऑइल मावते आणि दर १०,००० किलोमीटरला ती १ लिटर ऑइल खाते असे धरू. म्हणजे १ लाख किलोमीटरमध्ये १० लिटर ऑइल जळाले. त्याचे वजन सुमारे साडेआठ किलो भरते. ऑइल १.४ टक्के राखेचे असेल तर त्यातून ११९ ग्रॅम राख निघते. ०.८ टक्क्याचे असेल तर ६८ ग्रॅम. सगळीच राख फिल्टरपर्यंत पोहोचत नाही, काही इंजिनातच राहते. परंतु दोहोंमधील प्रमाण तेच राहते. म्हणजे साध्या ऑइलवर जो फिल्टर १ लाख किलोमीटरला राखेने भरेल, तोच कमी राखेच्या ऑइलवर पावणेदोन लाखांपर्यंत जाईल.

आता पैशाचा हिशेब. दोन ऑइलांच्या भावात लिटरमागे २०० रुपयांचा फरक धरू. १ लाख किलोमीटरमध्ये दहा वेळा ऑइल बदलले तर ६० लिटर लागले आणि १२,००० रुपये जास्त गेले. ही रक्कम लहान नाही, आणि जो रोज डिझेलचे पैसे मोजून गाडी काढतो त्याला ती बोचणारच. पण दुसऱ्या बाजूला काय आहे ते पाहा. आपल्या गाडीच्या नव्या फिल्टरचा भाव अधिकृत दुकानात एकदा विचारून या. मग त्यात गाडी उभी राहिल्याचे दिवस मिळवा. आंब्याच्या हंगामात, एप्रिल-मे महिन्यात, चार दिवस गाडी बंद राहिली तर फळ थांबत नाही, ते पिकत राहते. मासळीला तर तेवढाही धीर नाही. हा हिशेब ज्याने त्याने आपल्या गाडीपुरता कागदावर मांडावा. आमच्या मते बहुतेकांना १२,००० रुपयेच स्वस्त वाटतील.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. तीच गाडी जुनी होऊन दर ३,००० किलोमीटरला लिटरभर ऑइल खाऊ लागली तर राख तिप्पट होईल. अशा वेळी उत्तम ऑइल घालूनही फिल्टर वाचणार नाही. प्रथम टर्बो आणि रिंगा पाहाव्या लागतील.

बिघाड कसा ओळखावा

चुकीच्या ऑइलने इंजिन बिघडत नाही. ते गोड चालते, आवाज येत नाही, पहिल्या दहा-वीस हजार किलोमीटरमध्ये काहीही जाणवत नाही. म्हणूनच मिस्त्री म्हणतो, ‘आम्ही किती गाड्यांत हेच घातले, काही झाले नाही.’ तो खोटे बोलत नाही, तो फक्त लवकर बोलतो. राखेचे काम सावकाश चालते.

राखेने जागा व्यापली की काजळीला जागा कमी उरते. मग फिल्टर लवकर भरतो आणि रीजनरेशन वारंवार होऊ लागते. चालकाला ते असे दिसते: गाडी उभी केल्यावरही पंखा फिरत राहतो, उभ्या गाडीचे इंजिन नेहमीपेक्षा किंचित जोरात चालते, जळका गरम वास येतो, आणि डिझेल जास्त लागते. पूर्वी कधीतरी लागणारा फिल्टरचा दिवा आता वरचेवर लागतो. शेवटी गाडीचा दम काढून घेतला जातो, चढ चढेना होते.

ऑइलची कांडी काढून पाहणे तर सर्वांत सोपे. रीजनरेशनसाठी उशिरा सोडलेल्या डिझेलपैकी थोडे सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. रीजनरेशन अर्धवट तुटत राहिले तर ऑइलची पातळी वाढत जाते. कांडीवर ऑइल वरच्या खुणेच्या पुढे गेलेले दिसले की काहीजण खूष होतात, ‘गाडी ऑइल खातच नाही’ म्हणतात. वास्तविक ते पातळ झालेले ऑइल असते आणि बेअरिंगला व टर्बोला ते घातक आहे. ते ताबडतोब बदलावे. जामसंडे ते देवगड बाजार एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हे अधिक होते, कारण जाळण्याची क्रिया पूर्ण होण्याइतकी गाडी तापून चालतच नाही. अशा गाडीने आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास न थांबता, एका गतीने मोकळ्या रस्त्यावर जावे.

आता मिस्त्री बंधूंसाठी. दिवा लागला म्हणजे राखच झाली असे नाही. पुष्कळदा ती नुसती काजळी असते. दोहोंतील फरक असा ओळखावा. फिल्टरच्या पुढील आणि मागील दाब मोजणारा सेन्सर असतो, त्याला दोन बारीक नळ्या जोडलेल्या असतात. प्रथम त्या नळ्या फुटल्या, वितळल्या किंवा तुंबल्या नाहीत ना हे पाहावे. मग स्कॅनर लावून रीजनरेशन करवावे आणि ते पूर्ण झाल्यावर ठराविक गतीवर दाबातील फरक पुन्हा वाचावा. दाब उतरला तर काजळी होती, गेली. रीजनरेशन पूर्ण होऊनही दाब चढलेलाच राहिला तर आत राख आहे असे समजावे. स्कॅनरवर P2463 दिसले तर काजळी साचल्याची तक्रार आहे, P242F दिसले तर राखेची. मात्र केवळ कोडवर विसंबू नये. अनेक गाड्यांत संगणक राख मोजत नाही. गाडी किती चालली यावरून तो तिचा अंदाज बांधतो, आणि तो अंदाज कारखान्याने सांगितलेलेच ऑइल घातले आहे असे धरून केलेला असतो. आपण दुसरे ऑइल घातले तर संगणकाच्या वहीत राख कमी आणि फिल्टरमध्ये जास्त, असा प्रकार होतो. फिल्टर बदलला किंवा साफ केला तर ती वही स्कॅनरने पुन्हा शून्यावर आणावी लागते, हेही विसरू नये.

राख एकदा बसली की डिझेलच्या टाकीत टाकायच्या बाटल्यांचा उपयोग नाही. त्या काजळी जळायला मदत करतात, राखेला नाही. फिल्टर काढून यंत्रावर उलट्या दिशेने हवा किंवा पाणी सोडून तो धुता येतो, पण सगळी राख निघतेच असे नाही. सळई घालून ठोकणे, गाडी धुण्याच्या पंपाचा जोराचा फवारा मारणे, अ‍ॅसिड ओतणे या उपायांनी आतील पोळे तडकते आणि मग नवा फिल्टरच घ्यावा लागतो.

काहीजण याहून सोपी वाट दाखवतात. फिल्टर फोडून नुसती नळी ठेवायची आणि संगणकाला गप्प बसवायचे. ही वाट आम्हाला मान्य नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने दिलेल्या रचनेत असा फेरबदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय जी काजळी फिल्टर अडवीत होता ती मग आपल्याच बाजारात, आपल्याच मुलांच्या छातीत जाते.

काय करावे

याचा अर्थ साधे ऑइल दुकानातून फेकून द्यावे असा नाही. जुने ट्रॅक्टर, जुने ट्रक, फिल्टर नसलेल्या बीएस-३ च्या आणि बहुतेक बीएस-४ च्या गाड्या आपल्या भागात अजून पुष्कळ आहेत. त्यांचे पुस्तक जे सांगते ते त्यांना द्यावे. तसेच रात्री घाटात ऑइल कमी झाले आणि जवळच्या दुकानात साधेच मिळाले, तर कोरड्या इंजिनावर गाडी हाकू नये. ५ लिटर ०.८ टक्क्याचे आणि त्यात १ लिटर १.४ टक्क्याचे मिसळले तर एकूण राख ०.९ टक्के होते. एका वेळेला एवढ्याने काही बुडत नाही. पुढच्या वेळी ऑइल वेळेवर बदलले म्हणजे झाले. घात होतो तो दर खेपेला तेच ऑइल घालीत राहिल्याने.

दुकानदार बंधूंना आमची सूचना अशी की, फळीवर कमी राखेच्या डब्यांची जागा वेगळी करावी आणि गिऱ्हाइकाला ‘कोणता आकडा?’ विचारण्याआधी ‘गाडी कोणत्या साली घेतली, फिल्टर आहे का?’ हे विचारावे. बिलावर ऑइलचे नाव, त्याचा वर्ग आणि गाडीचे किलोमीटर लिहावे. मिस्त्री बंधूंनीही रिकामा डबा गिऱ्हाइकाला दाखवून मगच टाकावा. गाडी हमीत असेल तर याला अधिकच महत्त्व आहे, कारण फिल्टरची तक्रार घेऊन गेल्यावर कंपनी प्रथम विचारते की ऑइल कोणते घातले होते. त्या वेळी मालकाच्या हातात कागद नसेल तर दोष फिरून ज्याने ऑइल ओतले त्याच्याकडेच येतो.

आपल्या भागात गॅरेजवाल्याची पाटी कोणी वाचत नाही, त्याचा शब्द ऐकतात. ‘हे स्वस्त आहे, पण तुमच्या गाडीला नको’ असे सांगताना दोनशे रुपयांचे गिऱ्हाईक एखादे वेळी दुसऱ्या दुकानात जाईल. फिल्टर भरला की तेच गिऱ्हाईक कोणाच्या दुकानात परत येते, हे पाहायला फार वर्षे लागणार नाहीत.